निबंधातून खोडलेला बांबू

माझ्या चुलतबहिणीला पदव्युत्तर प्रवेशासाठी ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ लिहायचं होतं. नमुना म्हणून मी तिला माझा जुना नापास झालेला निबंध मेलमधून काढून दिला. तिने वाचला आणि अगदी सरळ मनाने विचारलं, “दादा, हा चांगला आहे की. नाव बदलून मीच देऊ का?”

ती शिकते मानसशास्त्र. माझा अर्ज होता खाडी आणि किनारपट्टीच्या अभ्यासासाठी. तरीही तिला नाव आणि दोनचार शब्दच बदलावे लागले असते. मग मी निबंध परत वाचला. लहानपणापासूनची निसर्गाची ओढ, धोक्यात आलेली सागरी जीवसृष्टी, देशासाठी काहीतरी करण्याची जिद्द. लातूरच्या किंवा लखनौच्या मुलानेही हेच लिहिलं असतं. निवडणाऱ्यांसमोर असे गठ्ठेच्या गठ्ठे येतात, तेव्हा त्यांनी मला का घ्यावं? इतकी वर्षं मी मला नाकारणाऱ्या संस्थेला दोष देत होतो.

पण राग शांत झाला नाही, फक्त त्याचा पत्ता बदलला. कारण माझा पहिला मसुदा असा नव्हता. तो ज्या सल्लागाराला दाखवला, त्याने चांगली घसघशीत फी घेऊन त्यातला मधला परिच्छेद लाल पेनाने आडवा केला. “हे बांबूबिंबू काय लिहितोस? गावंढळ वाटतं. जरा ग्लोबल लिही.” त्याच्या भिंतीवर परदेशी गेलेल्या मुलांचे फोटो होते. मी कोलशेतच्या कोळीवाड्यातला, घरातला पहिला पदवीधर. मी कुठल्या तोंडाने वाद घालणार होतो?

त्या परिच्छेदात काय होतं ते सांगतो. आजोबा खाडीत बोक्षी लावायचे. खाडी उथळ झाली, असं ते रोज म्हणायचे. ते खरं का, हे बघायला मी एका बांबूवर वीतभर अंतराने खुणा केल्या आणि ओहोटीला होडीतून एकाच जागी पाणी मोजायला लागलो. आकडे काही जुळेनात. एकदा खोली भरपूर, पुढच्या वेळी बरीच कमी. मग आजोबांनीच चूक दाखवली. मी कधी अमावस्येला मोजत होतो, कधी अष्टमीला. उधाणाच्या ओहोटीला पाणी खूप खाली जातं, भांगाच्या ओहोटीला तेवढं जात नाही. म्हणजे माझे आकडे गाळाबद्दल काही सांगतच नव्हते, ते तिथीबद्दल सांगत होते. गाळ खरंच वाढला का हे ठरवायचं, तर प्रत्येक नोंद भरतीच्या पातळीशी जोडून एका ठरलेल्या उंचीवरून मोजायला हवी. ते मला येत नव्हतं, आणि त्या अभ्यासक्रमात नेमकं तेच शिकवत होते.

निबंधाला लागतं ते सगळं इथे होतं: मी काय पाहिलं, स्वतः काय करून बघितलं, कुठे अडलो आणि ती अडचण तुमच्या कुठल्या विषयात सुटते. यातलं तिसरं सगळ्यात मोलाचं, आणि मुलं नेमकं तेच लपवतात. आपल्याला काय जमलं नाही हे लिहिलं तर कमी लेखतील, अशी भीती असते. पण शिकायला येणाऱ्याला काय येत नाही, हे कळल्याशिवाय त्याला तिथे जागा कशाला द्यायची? मी पाठवलेल्या निबंधात मला सगळंच येत होतं. त्या अभ्यासक्रमातल्या एकाही विषयाचं नाव त्यात नव्हतं.

बाकी नेहमीच्या गोष्टी पाळाच. शब्दमर्यादा ओलांडू नका, शेवटच्या रात्री लिहू नका, शुद्धलेखन दुसऱ्याकडून तपासून घ्या. प्रश्न नीट वाचा. चेव्हनिंगसारख्या शिष्यवृत्तीत नेतृत्व, अभ्यासक्रमाची निवड आणि पुढची वाट यांवर वेगवेगळे निबंध मागतात. तिथे एकच उत्तर फिरवून वापरता येत नाही.

बहिणीला मी एकच काम दिलं: प्रत्येक वाक्यावर बोट ठेवायचं आणि ते दुसऱ्या कुणाला जसंच्या तसं लिहिता येईल का, हे विचारायचं. पहिल्या पानावरचं जवळजवळ सगळं गेलं. उरली ती बाळकुमच्या एका शाळेत तिने शिकवलेल्या मुलांची हकीकत, आणि त्यातला एक मुलगा बोलायचाच का नाही, हा तिला न सुटलेला प्रश्न. आता निबंध तिथूनच सुरू होतो.

कोलशेत, ढोकाळी, बाळकुमच्या मुलांनो, सल्लागाराकडे जायचं तर जा, पण पहिला कच्चा मसुदा जपून ठेवा. त्याने काही खोडलं तर का खोडलं, ते तोंडावर विचारा. उत्तर ‘गावंढळ वाटतं’ एवढंच आलं, तर तो परिच्छेद परत घाला आणि तसाच पाठवा.