पहिली किती पदे ताडून पाहायची?

कला शाखेत गणित घेणारे विद्यार्थी मुळात थोडे, आणि त्यांतही पुनरावर्ती संबंधांचे प्रकरण आवडीने सोडवणारे आणखी थोडे. वास्तविक हे प्रकरण बीजगणितापेक्षा व्यवहाराच्या जवळचे आहे. क्रमिकेचे पुढचे पद आधीच्या पदांवरून कसे काढायचे हे सांगणारा नियम म्हणजे पुनरावर्ती संबंध. अशा नियमाने चाळिसावे पद हवे असेल तर आधीची सगळी पदे पायरीपायरीने चढावी लागतात. थेट सूत्र मिळाले की ती चढण वाचते. मात्र सूत्र बरोबर आहे की नाही हे कसे ओळखावे? गृहपाठात आपण उत्तराखाली ‘पहिली चार पदे जुळली’ असे लिहून मोकळे होतो. त्या वाक्याचे वजन किती, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम कर्जाचा हिशेब घेऊ. माझ्या घरी आजवर व्याज बोटांवर मोजले गेले आहे, म्हणून हेच उदाहरण मला जवळचे वाटते. समजा, पतसंस्थेकडून १०,००० रुपये काढले. शिल्लक रकमेवर दरमहा शेकडा १ व्याज, आणि हप्ता ३०० रुपये. n हप्त्यांनंतरची बाकी a_n मानली तर

a_n = 1.01 a_(n−1) − 300, a_0 = 10000

हा प्रथम कोटीचा संबंध झाला, कारण पुढचे पद केवळ एकाच मागील पदावर अवलंबून आहे. सोडवण्याची युक्ती अशी की, आधी न हलणारी रक्कम शोधायची. बाकी L असताना व्याज आणि हप्ता तंतोतंत सारखे असतील तर L = 1.01L − 300, म्हणजे L = 30000. आता बाकी या ३०,००० पासून किती दूर आहे ते पाहा. संबंधातून L चे समीकरण वजा केले की ३०० निघून जातात आणि ते अंतर दर महिन्याला १.०१ पट होते एवढेच उरते. आरंभी अंतर २०,००० आहे, तेव्हा

a_n = 30000 − 20000 (1.01)^n

पडताळा घेऊ. n = 0 ला १०,००० मिळतात. n = 1 ला ३०,००० वजा २०,२००, म्हणजे ९,८००; नियमाने १०,१०० वजा ३०० केले तरी तेच. n = 2 ला दोन्ही वाटांनी ९,५९८ येतात. सूत्र पुढे चालवले तर चाळिसाव्या हप्त्यानंतर सुमारे २२३ रुपये उरतात, आणि एक्केचाळिसावा हप्ता सुमारे २२५ रुपयांचा भरला की खाते मिटते.

आता हप्ता फक्त १०० रुपये ठेवा. न हलणारी रक्कम १०,०००च येते आणि अंतर शून्य असते. शून्याची १.०१ पट शून्यच, म्हणून माणूस जन्मभर हप्ते भरील आणि मुद्दल तसूभरही हलणार नाही. हप्ता ९० रुपये असला तर a_n = 9000 + 1000 (1.01)^n, म्हणजे दर महिन्याला भरणा करूनही बाकी वाढत जाते. पहिल्या महिन्यात ती अवघी १० रुपयांनी वाढते, त्यामुळे कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. सही करण्यापूर्वी हे L काढून पाहायला अर्धा मिनिट पुरतो.

मूळ प्रश्नाकडे येऊ. दोन-चार पदे जुळली म्हणजे सूत्र सिद्ध झाले का? नाही. वर्तुळावर बिंदू घेऊन ते एकमेकांना जीवांनी जोडा. कोणत्याही तीन जीवा आत एका बिंदूत मिळू देऊ नका, आणि वर्तुळाचे किती भाग पडले ते मोजा. एक, दोन, तीन, चार, पाच बिंदूंना १, २, ४, ८, १६ भाग येतात. दुपटीचा नियम कोणीही लिहून टाकील. पण सहाव्या बिंदूला भाग ३१ पडतात! पाच पदे जुळूनही सूत्र खोटे.

कर्जाच्या सूत्राला ही भीती नाही, कारण तेथे नियम हाती आहे. सूत्र नियमात घालून पाहा: ३०,००० ची १.०१ पट ३०,३००, त्यातून ३०० गेले की पुन्हा ३०,०००. दुसऱ्या भागात घात एकाने वाढतो. म्हणजे सूत्र प्रत्येक n ला नियम पाळते. मग आरंभीचे एक पद जुळले की पुढची सारी पदे आपोआप जुळतात. एकाहून अधिक पदे ताडायची ती केवळ आपली आकडेमोड चुकली नाही ना हे पाहण्यासाठी.

दुसऱ्या कोटीच्या संबंधाला मात्र एक पद पुरत नाही. याचे उदाहरण मराठीच्या तासातले आहे. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. n मात्रा लघुगुरूंनी किती प्रकारे भरता येतील? शेवटचे अक्षर लघू असेल तर आधीच्या n−1 मात्रा भरायच्या, गुरू असेल तर n−2. म्हणून

M_n = M_(n−1) + M_(n−2), M_1 = 1, M_2 = 2

तीन मात्रांचे प्रकार ललल, लग, गल असे तीन. चार मात्रांचे लललल, ललग, लगल, गलल, गग असे पाच. हा नियम हेमचंद्राने इ. स. ११५० च्या सुमारास छंदःशास्त्रात सांगितला, आणि त्याच्याही आधी विरहांकाला तो ठाऊक होता. फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा.

येथे α आणि β ही x² = x + 1 ची मुळे घेतात; α + β = 1, α − β = √5. पुस्तकातले सूत्र असते

(α^n − β^n)/√5

n = 1 ला हे १ देते, आणि आपले M_1 ही १. नियमही ते पाळते. तरी n = 2 ला ते पुन्हा १ देते, आपल्याला हवेत २. दोष सूत्राचा नाही. पुस्तकातली क्रमिका १, १, २, ३ अशी सुरू होते, आपली एक पाऊल पुढून. तेव्हा

M_n = (α^(n+1) − β^(n+1))/√5

ताडताना √5 चे दशांश घेऊ नयेत. α² = α + 1 वरून α³ = 2α + 1, α⁴ = 3α + 2, α⁵ = 5α + 3, आणि β चेही तसेच. वजाबाकीत सुटे अंक जातात, α − β म्हणजे √5 छेदाशी कटते, आणि M_1 पासून १, २, ३, ५ असे α चे गुणक तेवढे उरतात. त्यांपैकी पहिले दोन जुळणे आवश्यक होते. नियम पाळला जात असल्याने बाकीचे जुळणारच.

याहून पक्का पडताळा हवा असेल तर मोजणी वेगळ्या वाटेने करावी. पादाकुलकाच्या चरणात १६ मात्रा असतात. नियमाने M_7 = 21, M_8 = 34 आणि M_16 = 1597. आता चरणाचे आठ-आठ मात्रांचे दोन भाग करा. गुरू सीमेवर पडत नसेल तर प्रत्येक भागाचे ३४ प्रकार, मिळून ३४ × ३४, म्हणजे ११५६. एखादा गुरू आठव्या आणि नवव्या मात्रेवर पसरला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना सात-सात मात्रा उरतात, त्यांचे २१ × २१, म्हणजे ४४१. दोहोंची बेरीज १५९७ येते.