दाढ काढण्याआधी कळ ओळखा

सकाळी ब्रश हिरडीला लागला आणि गालातून शॉक बसावा तशी कळ गेली, की माणूस आधी दाताच्या डॉक्टरकडे धावतो. त्यात चूक काही नाही. गडबड पुढे होते. एक्स-रेत एखादी जुनी भरलेली दाढ दिसते, तिचं रूट कॅनाल होतं, तरी कळ थांबत नाही. मग ती दाढ निघते, काही महिन्यांनी शेजारचीही निघते, आणि कळ होती तिथेच असते. ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचं नाव बऱ्याचदा त्यानंतर कुणाच्या तरी तोंडून निघतं.

चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला ट्रायजेमिनल नावाची एक नस असते. तिची एक फांदी कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरी गाल आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे जाते. या आजारात बहुतेक वेळा खालच्या दोन फांद्या पेटतात, म्हणून संशय दाढेवर जातो. खरा बिघाड मात्र कवटीच्या आत असतो. मेंदूच्या बुंध्यापाशी एखादी रक्तवाहिनी नसेवर टेकून ठोके देत राहते, तिथलं आवरण झिजतं आणि साध्या स्पर्शाचा निरोप मेंदूपर्यंत वेदना म्हणून पोचतो. दाढ ठणठणीत असते, तरी दुखणं तिथेच जाणवतं.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे कळ किती वेळ टिकते ते घड्याळात बघणं. न्यूराल्जियाची कळ क्षणभराची असते, फार तर दोन मिनिटांची. येते तशी जाते आणि मध्ये चेहरा बहुतेकांचा अगदी निवांत असतो. अशा कळा एकापाठोपाठ येऊ शकतात, तेव्हा रुग्ण ‘दिवसभर दुखतं’ म्हणतो. म्हणून एकेका कळेची वेळ मोजायची. किडलेल्या दाढेचा ठणका असा नसतो. गार पाणी लागल्यावर तो उठतो आणि पाणी गिळून झाल्यावरही कितीतरी वेळ राहतो, रात्री आडवं झालं की वाढतो, झोपेतून उठवतो. न्यूराल्जियाचे रुग्ण रात्री बहुधा झोपू शकतात. सायनसचं दुखणं तर तासन्‌तास जड, दाबल्यासारखं राहतं. नाक चोंदलेलं असतं, पिवळट शेंबूड येतो, खाली वाकलं की गाल भरून येतो आणि वरच्या ओळीतल्या दोन-तीन दाढा एकदम दुखऱ्या लागतात. शेंबूड नाही, नाक मोकळं आहे आणि तरी गालात सेकंदभराची सणक येते, तर त्याला सायनस म्हणू नये.

दुसरं, कळ कशाने सुटते ते लिहून ठेवा. या आजाराची खरी खूण इथेच सापडते. घास चावताना, बोलताना, दाढी करताना, तोंडावर पाणी मारताना, पंख्याची झुळूक लागल्यावरही कळ येते. नाकपुडीच्या कडेला किंवा ओठाच्या कोपऱ्यात नाण्याएवढी जागा असते, जिथे बोट हलकेच फिरलं तरी सणक उठते, आणि गंमत म्हणजे तिथे जोरात दाबलं तर तेवढं होत नाही. दातदुखीत दाबणं महागात पडतं, इथे निसटता स्पर्श. रुग्ण गालाला हात लावायलाच तयार नसेल, ‘इथे’ म्हणून दोन इंच लांबूनच बोट दाखवत असेल, तर समजणाऱ्याने समजावं.

गोंधळ होतो तो तडकलेल्या दाढेशी. तीही चावताना क्षणात कळ देते. पण तिची कळ त्याच दाढेवर कडक काही आलं की येते, बहुतेकदा दात उघडताना, म्हणजे दाब सुटताना. गालाला हात लावून ती येत नाही.

एक उदाहरण घेऊ. अठ्ठावन्न वर्षांच्या बाई, उजव्या खालच्या जबड्यात कळ, तीन आठवडे झाले. वहीत त्यांनी लिहिलंय: ‘भाकरीचा पहिला घास, सेकंदभर, हनुवटीपासून कानाकडे. लगेच दुसरा घास घेतला, काही नाही. चहा गरम प्यायले, काही नाही. पदराने तोंड पुसलं, पुन्हा तीच.’ दुसऱ्या घासाला काही झालं नाही, हे नुसतं नशीब नव्हे. कळ येऊन गेल्यावर नस थोडा वेळ गप्प बसते. त्या जबड्यात जुनी चांदी भरलेली एक दाढ आहे. दाताच्या डॉक्टरांनी तिच्यावर आरशाच्या दांड्याने टकटक केली, बर्फाचा बोळा लावला, दांडी चावायला देऊन एकेक टोक तपासलं, त्या दाढेचा छोटा एक्स-रे काढला. सगळं बाजूच्या दाढांसारखंच. अशा वेळी ‘बघूया तरी’ म्हणून रूट कॅनाल सुरू करू देऊ नका. आणि एक सापळा लक्षात ठेवा: बधिर करण्याचं इंजेक्शन दिल्यावर कळ थांबली, म्हणून दाढच दोषी ठरत नाही. ट्रिगरची जागा बधिर झाली की न्यूराल्जियाही तेवढा वेळ थांबतो.

इथून पुढे न्यूरॉलॉजिस्टकडे जायचं, वही घेऊनच. निदान मुख्यतः कहाणीवरून होतं. एमआरआय लागतो तो रक्तवाहिनी टेकलीय का, गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस तर नाही ना, हे बघायला. वय चाळिशीच्या आत असेल, दोन्ही बाजूंना दुखत असेल, गाल बधिर वाटत असेल किंवा त्या बाजूला ऐकू कमी येत असेल, तर तो लांबवू नका. पन्नाशीनंतर नव्याने डोकं दुखू लागलं, चावता चावता जबडा थकून दुखू लागला आणि नजर अंधुक झाली, तर तो वेगळाच आजार असू शकतो. दृष्टी जाऊ शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पॅरासिटामॉल वगैरे गोळ्यांचा या कळेवर जवळजवळ उपयोग होत नाही. पहिलं औषध कार्बामाझेपिन. डॉक्टर सहसा १०० मिलिग्रॅमपासून सुरू करून काही दिवसांनी थोडं थोडं वाढवतात. पुष्कळ जण ते डोकेदुखीच्या गोळीसारखं कळ आली की घेतात. तसं चालत नाही, ते रोज ठरल्या वेळी घ्यायचं असतं. सुरुवातीला झोप येते आणि तोल जातो, तेव्हा गाडी चालवू नका. रक्तातलं सोडियम घसरू शकतं, विशेषतः लघवी होणारी बीपीची गोळी चालू असलेल्यांचं, म्हणून मधूनमधून रक्त तपासावं लागतं. सुरू करण्याआधी एचएलए-बी १५०२ ही रक्ततपासणी करावी का, ते डॉक्टरांना विचारा. ती पॉझिटिव्ह आलेल्यांना अंगावरच्या घातक पुरळाचा धोका जास्त असतो. पहिल्या काही आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले, तर गोळी तिथेच थांबवून थेट हॉस्पिटल. एरवी मात्र आपल्या मनाने ती एकदम बंद करू नये. स्त्री रुग्णाला कुटुंबनियोजनाची गोळी चालू असेल किंवा दिवस राहण्याचा विचार असेल, तर आधीच सांगा.

औषधाने कळ बसली, तर निदानाला मोठा आधार मिळतो. मात्र वर्षं गेल्यावर मात्रा पुरेनाशी होते किंवा गुंगी सोसवत नाही, तेव्हा शस्त्रक्रियेचा विषय निघतो. कवटीच्या मागे लहान छिद्र पाडून रक्तवाहिनी आणि नसेच्या मध्ये टेफ्लॉनची गादी ठेवतात. आराम सगळ्यांत टिकाऊ, पण मेंदूपाशी जाणारं ऑपरेशन, भूल झेपणाऱ्यालाच. वयस्क, दुबळ्या रुग्णाला गालातून सुई घालून नस तापवणं किंवा गॅमा नाईफचे किरण देणं सोयीचं पडतं. त्यात कळ काही वर्षांनी परतू शकते, गाल थोडा बधिरही राहू शकतो. ऑपरेशनचा निर्णय घेताना न्यूरोसर्जनना हे दोन प्रश्न विचारा: माझ्या एमआरआयमध्ये रक्तवाहिनी खरंच नसेवर टेकलेली दिसते का, आणि यापैकी कोणतं ऑपरेशन तुम्ही स्वतः नेहमी करता?