सकाळची साखर, तीन महिन्यांची साखर

मानवतच्या मोंढ्यात कापसाची अडत चालवणाऱ्या एका गृहस्थांना काटापट्टीवरचे आकडे धूसर दिसू लागले, तेव्हा त्यांनी आधी दुकानातल्या बल्बला दोष दिला आणि मग चष्म्याला. वर्षात तीनदा नंबर बदलून झाला. नव्या चष्म्यातून आठ दिवस बरं दिसायचं, पुन्हा तेच.

मधुमेह बारा वर्षांचा होता, पण नंबराशी त्याचा काही संबंध असेल हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. रक्तातली साखर वाढली की डोळ्यातल्या भिंगात साखरेचाच एक भाऊबंद, सॉर्बिटॉल, साठतो. तो पाणी ओढतो, भिंग फुगतं आणि नंबर सरकतो. साखर उतरली की तो पुन्हा हलतो. ही ओढाताण वर्षानुवर्षं चालली की भिंग गढूळ होतं. म्हणून मधुमेह्याला मोतीबिंदू इतरांपेक्षा लवकर गाठतो.

यांनाही गाठला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ते परभणीला गेले, तर साखर निघाली ३१२. डॉक्टरांनी परत पाठवलं. शेजारच्या म्हाताऱ्याचा मोतीबिंदू एका सकाळीत निघाला होता, त्यामुळे यांना राग आला. चार दिवसांत साखर खाली आणून दाखवतो, असा पण करून त्यांनी जेवण अर्ध्यावर आणलं आणि गोळ्या आपल्याच मनाने दुप्पट केल्या. चौथ्या दिवशी परभणीच्या वाटेवर घाम फुटला, हात थरथरू लागले. सोबतच्या मुलाने गाडी थांबवून टपरीवरचा गोड चहा पाजला. दवाखान्यात पोचल्यावर, चहा पोटात असूनही, साखर ६८ भरली. “डोळा उघडायच्या आधी मीच मिटलो असतो,” असं ते आता हसत सांगतात. तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं.

यावेळी डॉक्टरांनी बोटाच्या थेंबावर विश्वास ठेवला नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी केली, ती १०.६ आली. “आजचा गल्ला बघून वर्षाचा नफा सांगता का?” त्यांनी विचारलं. अडत्याला हा हिशेब लगेच कळला. साखर सतत चढी राहिली तर जखम भरायला वेळ लागतो आणि डोळ्यात जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. उलट, महिनोन्‌महिने चढलेली साखर घाईने खाली ओढली तर डोळ्याच्या पडद्याचा आजार काही काळ बळावू शकतो. किती आकडा चालेल याबाबत सर्जनागणिक थोडा फरक असतो, पण बरेच जण सरासरी आठ-साडेआठच्या आत आणि त्या दिवशीची साखर दोनशेच्या खाली असावी असं पाहतात.

त्याच भेटीत बाहुली मोठी करायचे थेंब टाकून पडदा पाहिला गेला आणि डोळ्याचा दाब मोजला गेला. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूमागे पडद्याला सूज होती. ती तशीच ठेवून नुसतं भिंग बदललं असतं तर नजर फारशी सुधारली नसती, सूजही वाढू शकली असती. म्हणून आधी डोळ्यात इंजेक्शनं झाली.

खरा धक्का डाव्या डोळ्याने दिला, ज्याला ते ‘माझा चांगला डोळा’ म्हणत. दाब २८. साधारण २१ पर्यंत तो ठीक मानतात. मागच्या नसेची झीजही सुरू झालेली, म्हणजे काचबिंदू. मधुमेह्यांत त्याचा धोका जास्त असतो आणि बहुतेकदा तो दुखत नाही. बाजूची नजर कडेकडेने जाते, समोरचं नीट दिसत राहतं, म्हणून माणूस बेफिकीर असतो. मोतीबिंदूने गेलेली नजर भिंग बदलून येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या स्टेरॉइड थेंबांनी काहींचा दाब चढतो, तेव्हा हे आधीच कळलेलं बरं.

दहा आठवडे लागले. फिजिशियनने इन्सुलिन सुरू केलं, पायाच्या अंगठ्याची जुनी जखम आधी बरी केली. सरासरी ७.९ वर आली. शस्त्रक्रियेच्या सकाळी काय खायचं, कोणती गोळी चुकवायची, इन्सुलिन किती घ्यायचं, हे त्यांनी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलं. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने हा कागद मागावाच. उपाशी राहून नेहमीचा पूर्ण डोस घेणं ही त्या दिवशीची सर्वांत धोक्याची चूक.

ओळखीच्यांना ते दोन गोष्टी बजावतात. मधुमेह असेल तर, दिसत असलं तरी, वर्षातून एकदा पडदा आणि दाब तपासून घ्या. आणि शस्त्रक्रियेनंतर डोळा दुखला, लाल झाला, नजर उतरली किंवा डोकेदुखीसह उलट्या झाल्या, तर पित्त समजून घरी बसू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

उजव्या डोळ्याने ते आता काटापट्टी वाचतात. डाव्या डोळ्यात रोज रात्री एक थेंब टाकावा लागतो, आणि तो कायमचा आहे.