पाण्याचा दिवस कोणाच्या लक्षात असतो?

प्रश्न : आमच्या लग्नाला पाच महिने झाले. मी शाळेत शिकवते, हे वाळूजला कंपनीत आहेत. सासू-सासऱ्यांसोबत राहतो. घरात मोठं भांडण असं काही नाही, पण पैशाचा किंवा घरकामाचा विषय निघाला की आम्ही दोघंही गप्प होतो. ‘काय करायचं ते सांग, मी करतो’ असं हे म्हणतात, आणि खरंच करतातही. तरी मी दमते, आणि का दमते ते मला सांगता येत नाही. दोघांनी मिळून वाचावीत अशी पुस्तकं सुचवाल का? इंग्रजीही चालतील.
– एक वाचक, उस्मानपुरा

उत्तर : तुमचा प्रश्न वाचला आणि सगळ्यात आधी ईव्ह रॉडस्की यांचं ‘फेअर प्ले’ आठवलं. २०१९ साली आलेलं हे पुस्तक अमेरिकन घरांबद्दल आहे, पण तुम्ही का दमता याचं उत्तर त्यात आहे. रॉडस्की म्हणतात की घरातल्या प्रत्येक कामाचे तीन भाग असतात : ते सुचणं, ते आखणं आणि ते करणं. ‘सांग, मी करतो’ म्हणणारा माणूस तिसरा भाग उचलतो. पहिले दोन सांगणाऱ्याच्याच डोक्यात राहतात.

आपल्या शहरात याला पाण्यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतं. आज पाणी आलं, तर पुढचा दिवस कोणता? त्या वेळी घरी कोण असेल? वरची टाकी घासायची कधी, पिण्याचं पाणी वेगळं भरलं का, मधेच पाणी संपलं तर टँकर सांगायचा की शेजारी विचारायचं? ऐन वेळी मोटार लावणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. ते यजमान करतात. बाकीचं सगळं तुम्ही शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता मनात घोळवत असता. दमवतं ते हे.

रॉडस्कींचा उपाय असा : काम द्यायचं तर अख्खं द्यायचं, तिन्ही भागांसकट. म्हणजे ‘पाणी’ यजमानांकडे गेलं, की दिवस त्यांनी लक्षात ठेवायचा, कंपनीत पहिली पाळी असेल तर पर्यायही त्यांनीच शोधायचा. त्यासाठी आधी दोघांनी बसून काम ‘झालं’ म्हणजे काय ते ठरवायचं. टाकी काठोकाठ, पिण्याचं पाणी गाळून भरलेलं, पिंपांवर झाकणं. एवढं ठरलं की मग सूचना बंद. हे जमलं की नाही, ते ओळखायची खूण साधी आहे. पाण्याच्या दिवशी ‘भरलं का?’ हा प्रश्न घरात कोणी विचारला? तुम्ही विचारला असेल, तर काम अजून तुमच्याकडेच आहे.

हे पुस्तक शंभर पत्त्यांच्या खेळासारखं रचलेलं आहे, एक पत्ता म्हणजे एक काम. त्यातले बरेच पत्ते मुलाबाळांचे आहेत, ते आज बाजूला ठेवा. मोठी अडचण वेगळीच आहे. पत्ते वाटणारी माणसं पुस्तकात दोनच आहेत, तुमच्या घरात मात्र चार. यजमानांनी घेतलेलं काम दोन आठवड्यांत हळूच त्यांच्या आईकडे सरकतं. त्यांना मुलाचे हाल बघवत नाहीत, आणि वर्षानुवर्षं पाणी त्यांनीच सांभाळलेलं असतं. मग वाटणी नवरा-बायकोत न होता सासू-सुनेत होते. म्हणून पत्ते मांडताना सासूबाईंना सोबत बसवा आणि त्यांना आता काय सोडायला आवडेल, हे आधी विचारा. त्यांच्याशी बोलायचं काम मुलाचं आहे. ते सुनेवर टाकू नये, असं माझं ठाम मत आहे.

एकत्र घरात नवरा-बायकोचं नातं कसं घडतं आणि कुठे अडतं, हे समजायला मराठीत रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) जरूर वाचा. रमाबाईंनी शिकावं अशी न्यायमूर्तींची इच्छा होती, आणि त्या शिकण्याचा जाच घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून झाला तो रमाबाईंना. नवऱ्याने घेतलेल्या चांगल्या निर्णयाची किंमत घरात कोण मोजतं, हा प्रश्न मनात ठेवून तुम्ही दोघांनी ते वाचा.

आता गप्प होण्याबद्दल. जॉन गॉटमन यांनी सिअ‍ॅटलमध्ये जोडप्यांची बोलणी चित्रित करून वर्षानुवर्षं अभ्यासली. ‘द सेव्हन प्रिन्सिपल्स फॉर मेकिंग मॅरेज वर्क’ (१९९९) हे त्यांचं पुस्तक त्यावर उभं आहे. पूर्ण वाचायची घाई नको. बोलण्याची सुरुवात आणि सुटू शकणारे वाद, यावरचं प्रकरण आधी वाचा. पहिल्या तीन मिनिटांवरून बोलणं कसं संपणार ते बहुतेक वेळा कळतं, असं त्यांना आढळलं. ‘तुमच्या काही लक्षातच राहत नाही’ ही झाली माणसावरची टीका. ‘काल पाणी भरायचं राहिलं, सकाळी माझी फार ओढाताण झाली, पुढच्या वेळचं तुम्ही बघाल का?’ यात घडलेली गोष्ट आहे, त्रास आहे आणि मागणी आहे. गप्प होण्यालाही ते गंभीर मानतात. छाती धडधडू लागली की माणसाला समोरच्याचं ऐकूच येत नाही. तेव्हा किमान वीस मिनिटं थांबायचं, पण ‘जेवण झाल्यावर बोलू’ असं सांगून. न सांगता उठून गेलं, तर ते अबोलाच ठरतं. घरात बोलायला आडोसा नसेल, तर आठवड्यातून एकदा संध्याकाळी एकनाथ रंगमंदिराच्या बाजूने दोघंच चालून या आणि त्या वेळी फक्त हेच बोला.

पैशासाठी मोनिका हलन यांचं ‘लेट्स टॉक मनी’ (२०१८) घ्या. भारतीय पगारदारांसाठी सोप्या इंग्रजीत लिहिलेलं आहे. त्यांची मूळ रचना तीन खात्यांची : पगार जमा होणारं, खर्चाचं आणि गुंतवणुकीचं. पगार आला की ठरलेला खर्च लगेच दुसऱ्या खात्यात आणि उरलेला तिसऱ्यात. महिनाअखेरीला उरेल ते साठवू, असं म्हटलं की उरत नाही.

दोघांनी खर्चात किती घालायचं ते मात्र तुमचं तुम्हाला ठरवावं लागेल. समजा, त्यांचा पगार ४० हजार, तुमचा २८ हजार आणि घरखर्च ३४ हजार. निम्मं-निम्मं केलं तर प्रत्येकी १७ हजार जातात. त्यांच्याकडे २३ उरतात, तुमच्याकडे ११. पगाराच्या प्रमाणात वाटलं तर ते २० देतील, तुम्ही १४, आणि प्रत्येकाकडे आपल्या पगाराचा अर्धा भाग राहील. मला दुसरी पद्धत न्याय्य वाटते. तुमच्या माहेरी काही पाठवायचं असेल तर तेही या उरलेल्या भागातून, हिशेब न देता. त्यांच्या आई-वडिलांच्या औषधांचा खर्च घरखर्चात धरत असाल, तर तुमच्या आई-वडिलांचाही धरायला हवा. हे एकदा कागदावर लिहा.

आणि पुस्तक हातात येण्याआधी एक काम उरकून टाका. लग्नानंतर भविष्य निर्वाह निधीचं वारस-नामांकन नव्याने करावं लागतं. दोघांनीही आपापलं करा, सोबत बँक आणि विम्याचंही तपासा.

यजमान कामं करतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून ही पुस्तकं सुचवली. हे उत्तर वाचणाऱ्या ज्या बाईचा पगार किंवा एटीएम कार्ड काढून घेतलं जातं, जिला घरात बोलायची भीती वाटते, तिच्यासाठी ही पुस्तकं नाहीत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळही येतो. तिने १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करावा.