ऑनलाइन गेममध्ये जिंकलेल्या पैशावर टॅक्स किती? आणि कोणते कागद जपायचे?

मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी एकच प्रश्न टाकला होता. "सर, मी आयपीएलच्या वेळी अ‍ॅपवर टीम लावली होती, थोडे पैसे जिंकलो, अ‍ॅपने टॅक्स कापूनच दिला. मग आता रिटर्नमध्ये परत काय दाखवायचं?"

दाखवायचं. कापलेला टॅक्स आणि तुम्हाला लागणारा टॅक्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधी तुमच्याकडून थोडा जास्त येणं असतो, तर कधी तुमचाच पैसा सरकारकडे अडकलेला असतो. आज हा दुसरा प्रकार आकड्यांसकट बघू.

आधी एक खुलासा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणाऱ्या केंद्राच्या कायद्यावर 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झाली आणि मोठ्या अ‍ॅप्सनी त्याच महिन्यात पैशांचे खेळ बंद केले. त्यामुळे हा लेख खेळायला शिकवण्यासाठी नाही. एप्रिल ते ऑगस्ट 2025 मध्ये, किंवा त्याआधीच्या वर्षांत, जे व्यवहार झाले त्यांचा हिशोब कसा मांडायचा, एवढ्यासाठी आहे. 2025-26 या वर्षाचं रिटर्न 1961 च्या जुन्या आयकर कायद्यानेच भरायचं आहे, म्हणून कलमंही जुनीच सांगतो.

कलम 115बीबीजे म्हणतं की ऑनलाइन गेममधल्या 'निव्वळ जिंकलेल्या रकमेवर' सरळ 30 टक्के टॅक्स. त्यावर 4 टक्के सेस, म्हणजे एकूण 31.2 टक्के. इथे स्लॅब चालत नाही. तुमचं बाकी उत्पन्न 4 लाखांच्या आत असलं तरी या पैशावर टॅक्स लागतोच. "12 लाखांपर्यंत टॅक्स नाही" ही जी सूट सगळ्यांना पाठ झाली आहे, तीही या रकमेला मिळत नाही. मोबाइल रिचार्ज, टिप्स देणाऱ्या ग्रुपची फी असला खर्चही वजा होत नाही. आणि गेममध्ये हरलेले पैसे दुकानाच्या नफ्यातून वजा करायचा विचार मनात असेल तर तो आत्ताच सोडा.

आता निव्वळ रक्कम कशी काढायची? नियम 133 मध्ये सूत्र दिलंय. वर्षभरात अ‍ॅपमधून काढलेली रक्कम आणि 31 मार्चला अ‍ॅपमध्ये उरलेली शिल्लक यांची बेरीज करायची. त्यातून तुम्ही भरलेले पैसे आणि 1 एप्रिलची सुरुवातीची शिल्लक वजा करायची. उरेल ती निव्वळ जिंकलेली रक्कम.

समजा तुमचं फरसाणचं दुकान आहे. 1 एप्रिल 2025 ला अ‍ॅपमध्ये 2,000 रुपये होते. एप्रिल-मे मध्ये तुम्ही 30,000 भरले आणि मे अखेर 50,000 काढायला टाकले. अ‍ॅपने हिशोब केला: 50,000 वजा 32,000, म्हणजे 18,000 जिंकले. कलम 194बीए प्रमाणे त्यावर 30 टक्के टीडीएस, 5,400 रुपये कापले. बँकेत आले 44,600.

मग हुरूप आला! जूनमध्ये अजून 20,000 भरले आणि त्यातले बरेचसे गेले. ऑगस्टमध्ये अ‍ॅप बंद होताना उरलेले 6,000 काढून घेतले. या वेळी टीडीएस शून्य, कारण आधीच्या 18,000 वर तो कापून झालेला आहे आणि नवीन जिंकणं काहीच नाही.

आता पूर्ण वर्ष बघा. काढले 56,000, शिल्लक शून्य. भरले 50,000, सुरुवातीचे 2,000. निव्वळ जिंकले फक्त 4,000. त्यावर टॅक्स 1,200 आणि सेस 48, म्हणजे 1,248. कापले गेले 5,400. म्हणजे 4,152 रुपये तुमचे जास्त गेले आहेत. ते धंद्यावरच्या टॅक्समध्ये वळते होतील, नाहीतर रिफंड मिळेल. पण रिटर्न भरलं तरच.

इथे लोक हमखास चुकतात. बँक पासबुक उघडतात, आलेले 50,600, गेलेले 50,000, आणि "सर, फक्त 600 रुपये कमावले" म्हणतात. कापलेला टीडीएससुद्धा तुमचं उत्पन्न आहे. 600 मध्ये 5,400 मिळवा, 6,000 झाले. सुरुवातीची 2,000 ची शिल्लक वजा करा, 4,000. दोन्ही रस्त्यांनी एकच आकडा आला, म्हणजे हिशोब जुळला. नाही जुळला तर बहुतेक वेळा बोनस हे कारण असतं. अ‍ॅपने फुकट दिलेला बोनस 'मी भरलेले पैसे' म्हणून धरू नका. तो खऱ्या पैशात बदलून काढता आला, तर ते जिंकलेल्यातच येतं.

आता अडचण अशी, की तुमच्या 26एएस आणि एआयएस मध्ये 18,000 आणि 5,400 दिसणार, आणि तुम्ही रिटर्नमध्ये 4,000 लिहिणार. आयकर खात्याचं सॉफ्टवेअर हा फरक पकडू शकतं. विचारणा झाली तर जूनचे 20,000 कुठे गेले हे दाखवणारा कागद तुमच्याकडे हवा. तो म्हणजे अ‍ॅपचं पूर्ण वर्षाचं लेजर: प्रत्येक भरणा, काढलेली रक्कम, बोनस, कापलेला टीडीएस, आणि 1 एप्रिल व 31 मार्चची शिल्लक. अ‍ॅपवरचे खेळ बंद झालेत, त्यामुळे लॉगिन चालतंय तोवर डाउनलोड करून ठेवा, नाही मिळालं तर ईमेलवर मागा. स्क्रीनशॉट हा शेवटचा उपाय. सोबत त्या कंपनीकडून फॉर्म 16ए आणि त्या खात्याचं बँक स्टेटमेंट. हे सगळं वर्षाच्या नावाच्या एका फोल्डरमध्ये टाका आणि निदान सहा-सात वर्षं पुसू नका.

दुकानदारांसाठी अजून दोन गोष्टी, आणि याच मला जास्त महत्त्वाच्या वाटतात.

एक, फॉर्म. तुम्ही 44एडी खाली अंदाजी नफा दाखवून दरवर्षी आयटीआर-4 भरत असाल, तर या वर्षी तो चालणार नाही. अशा जिंकलेल्या रकमेसाठी तो फॉर्म नाहीच. आयटीआर-3 भरावा लागतो. त्यात दुकानाचा नफा 44एडी नेच दाखवता येतो, आणि गेमची रक्कम 'इतर उत्पन्न' मध्ये विशेष दराच्या रकान्यात जाते. सीएला हे आधीच सांगा, शेवटच्या दिवशी नको. तो चिडतो, आणि बरोबरच चिडतो.

दोन, बँक खातं. दुकानाच्या करंट अकाउंटमधून अ‍ॅपला पैसे गेले असतील तर ते दुकानाचा खर्च नाही, तुमची घरगुती उचल आहे. तसंच लिहा. आणि जिंकलेले पैसे त्याच खात्यात आले असतील, तर त्या नोंदींपुढे पेनने 'धंद्याचे नाहीत' असं लिहून ठेवा. नाहीतर वर्षअखेरीला कोणीतरी सगळ्या जमा रकमा जोडून तीच तुमची उलाढाल धरून बसतं.

परदेशी बेटिंग साइटवर खेळलेल्यांनी विचारलं होतं, "तिथे टीडीएस कापतच नाहीत, मग?" टीडीएस कापला नाही म्हणून टॅक्स माफ होत नाही, पूर्ण 31.2 टक्के स्वतः भरावा लागतो. आणि टॅक्स भरला म्हणून बेकायदेशीर खेळ कायदेशीर होत नाही. शिवाय तिथले पैसे अनेकदा कोणा तिऱ्हाइताच्या खात्यातून येतात. त्या खात्यावर सायबर पोलिसांत तक्रार झाली की ज्या ज्या खात्यात पैसा गेला ती खाती गोठवली जातात. मग त्याच खात्यावर दुकानाचा क्यूआर असेल तर बेसनवाल्याचे पैसे द्यायचीही पंचाईत होते.

तुमच्या लेजरमधले आकडे वरच्या दोन्ही पद्धतींनी जुळवून बघा. फरक येत असेल तर कमेंटमध्ये फक्त आकडे टाका, पॅन किंवा खाते नंबर टाकू नका.