राजमा आधी खळखळ का उकळायचा?

दाणा मऊ झाला म्हणजे शिजला, असं आपण धरून चालतो. लाल राजम्याच्या बाबतीत मात्र हा अंदाज फसतो. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते. (नाव लांबलचक आहे, पाठ नाही केलं तरी चालेल!) ते आतड्याच्या अस्तरातील पेशींना चिकटते. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी १ ते ३ तासांत मळमळ, जोराच्या उलट्या आणि मग जुलाब सुरू होऊ शकतात.

समजा, तुम्ही भिजवलेला राजमा थेट स्लो कुकरमध्ये टाकला. आतलं तापमान ७५-८० अंशांवरच राहिलं, तर काही तासांनी दाणा मऊ होईल, पण हे प्रथिन पुरतं मोडणार नाही. उलट असा अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो.

म्हणून राजमा किमान ५ तास भिजवा, ते पाणी ओतून टाका आणि नवीन पाणी घाला. खळखळ उकळी फुटली की मगच घड्याळ बघा. १०० अंशांना १० मिनिटे पुरतात, पण दाणा आतपर्यंत तापायला हवा, म्हणून ३० मिनिटे उकळू द्या. त्यानंतर खुशाल मंद आचेवर ठेवा. आपल्या शिट्टीच्या कुकरमध्ये पाणी १०० अंशांच्याही वर तापतं, त्यामुळे तिथे नीट शिजवलेल्या राजम्याची ही भानगड नसते.