घाटाच्या अलीकडेच थांबा

पावसाळ्यातल्या एका रात्री आम्ही कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो होतो. मलकापूर मागे पडलं होतं. हेडलाइट, वायपर, काचेवरचं धुकं घालवणारा ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, सगळं चालू होतं. मीटरमधला बॅटरीचा लाल दिवा आधी लुकलुकला आणि मग पेटूनच राहिला. थोड्या वेळाने ब्लोअरचा आवाज खाली बसला, मीटरमागचा उजेड मंद झाला आणि रस्त्यावरचा झोत पिवळट दिसू लागला.

हा लाल दिवा बॅटरीच्या नावाचा असला, तरी बहुतेक वेळा दोष अल्टरनेटरकडे असतो. अल्टरनेटर धड असेल तर चालत्या गाडीत साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट मिळतात. तो थांबला की सगळा भार बॅटरीवर येतो, आणि पूर्ण भरलेली बॅटरीही 12.6 व्होल्टपासून खालीच उतरत जाते. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने घटतो: 10.5 व्होल्टला तो निम्म्याहूनही कमी उरतो. एलईडी दिवे मात्र असा इशारा देतीलच असं नाही, ते एकदम जाऊ शकतात.

त्या लाल दिव्याबरोबर इंजिनाच्या तापमानाचा काटा पाहायचा. पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. पट्टा तुटला असेल तर इंजिन तापू लागतं, आणि मग सापडेल त्या पहिल्या सुरक्षित जागी थांबावंच लागतं. आमचा काटा जागेवर होता, म्हणजे थोडं अंतर कापता येणार होतं.

ते किती, याचा हिशेब मी मनातल्या मनात मांडला. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासांची धरली, तरी भरवशाचे त्यातले निम्मेच, म्हणजे सतरा-अठरा. सगळं चालू असताना गाडी सहज 40 अँपिअर ओढते, म्हणजे जेमतेम पंचवीस मिनिटं. ब्लोअर, मागचा हीटर, एसी, रेडिओ, मोबाइलचा चार्जर बंद केला की भार साधारण वीसवर येतो आणि हाती पाऊण तास राहतो. जुनी बॅटरी याहूनही लवकर मान टाकते.

म्हणून एकेक गोष्ट बंद केली. धुक्यासाठी काचा बोटभर खाली केल्या. विजेच्या काचा नंतर हलणारही नाहीत, म्हणून हे आधीच करायचं. हेडलाइट मात्र विझवायचे नाहीत; अप्पर सोडून डिपरवर यायचं आणि उजेड पडतो तेवढ्या अंतरात गाडी थांबेल इतकाच वेग ठेवायचा. इंजिन बंद करायचं नाही. स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर मागतो, आणि तेवढे उरलेले नसतात.

“अहो, घाट उतरून साखरप्याला थांबू की,” बायको म्हणाली. मी आंबा गावातच थांबायचं ठरवलं. पेट्रोल गाडीचा इंधनपंप आणि इग्निशन विजेवर चालतात. बॅटरी संपली की इंजिन बंद पडतं. त्याच क्षणी इलेक्ट्रिक स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला व्हॅक्यूमची मदत फार तर दोन-तीन दाबांपुरती उरते. आंबा घाटाच्या वळणावर, अंधारात, उतारावर हे झालं तर गाडी कडेला घ्यायलाही जागा नाही. आंब्यात हॉटेलं आहेत, माणसं आहेत. तिथल्या एका हॉटेलच्या अंगणात गाडी उभी केली तेव्हा इंडिकेटर लुकलुकतही नव्हता.

वाटेतच इंजिन बंद पडलं तर गाडी न्यूट्रलला टाका आणि उरलेल्या वेगावर डावीकडे घ्या. ब्रेक पुन्हा पुन्हा सोडू नका, एकदाच दाबून धरा. किल्ली काढू नका; स्टिअरिंग लॉक होईल. वळण किंवा पुलाचं तोंड टाळा. थांबल्यावर हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा. विजेशिवाय गाडी मागच्याला दिसत नाही, म्हणून रिफ्लेक्टरचा त्रिकोण मागे किमान पन्नास पावलांवर ठेवा आणि सगळ्यांना रस्त्यापासून दूर उभं करा. मदतीसाठी 112, राष्ट्रीय महामार्गावर 1033.

सकाळी मेकॅनिकने अल्टरनेटर उघडला. कार्बन ब्रश झिजून संपले होते. हे आधी कळू शकतं. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट आणि ब्लोअर लावून बॅटरीवर मल्टिमीटर धरा. आकडा 13 च्या खाली आला तर रात्रीचा प्रवास पुढे ढकला. चालत्या इंजिनात बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासायची जुनी रीत मात्र कुणालाही करू देऊ नका. व्होल्टेज उसळून गाडीचा कॉम्प्युटर जळू शकतो.